R² = 0.9999 आणि वलगावची विहीर

सिनॉप्सिसच्या वेळी मी माझ्या मेथड्स विभागात एक परिच्छेद लिहिला होता. प्रबंध इंग्रजीत आहे, पण तो परिच्छेद इथं मराठीत देते. वाचा आणि सांगा, यात काही खटकतं का:

«नायट्रेटचं मापन २२० नॅनोमीटरला यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरनं केलं. ० ते ३० मिग्रॅ/लि या कक्षेत कॅलिब्रेशन वक्र उत्तम सरळ मिळाला (R² = 0.9999). शोधमर्यादा 3.3σ/S या सूत्रानं ०.०६६ मिग्रॅ/लि आली. प्रत्येक नमुना तीनदा मोजला. निकाल सरासरी ± प्रमाण विचलन असे दिले आहेत.»

मला तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. अशी वाक्यं तुम्हीही शंभर पेपरात वाचली असतील, आणि बहुतेक तिथूनच आपण ती उचलतो. आज मी याच परिच्छेदावर टीका करणार आहे. परिच्छेद माझाच असल्यामुळे कोणाला राग यायचं कारण नाही.

ही टीका सुरू झाली वलगावात. अमरावतीहून निघालं की पेढी नदीकाठी हे गाव लागतं. काळी जमीन, कापूस, संत्री, आणि शेतातल्या विहिरी. पुढे भातकुली-दर्यापूरकडे खारपाण पट्टा. माझे नमुने या दोन्ही बाजूंचे आहेत. वलगावातल्या एका मळ्यातल्या विहिरीचा निकाल आला ४४.१ ± ०.१ मिग्रॅ/लि नायट्रेट. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात सूट नाही. म्हणजे पाणी मर्यादेच्या आत. मी मळ्यातल्या काकांना तसं सांगायला गेले. ते म्हणाले, «पोरगी बाळंतपणाला आली आहे बाप्पा. लेकराच्या दुधात हे पाणी टाकाचं का नाही, थे सांग.»

तान्ह्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते. ४५ हा आकडा मुळात त्या बाळांसाठीच आहे. ४४.१ आणि ४५ यांत ०.९ चं अंतर. माझा ± ०.१ खरा असेल तर हे अंतर भरपूर. तो खरा आहे का, हे मला तिथं उभ्या उभ्या सांगता आलं नाही.

(एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण इथं लोक हमखास आपटतात. ४५ हा आकडा नायट्रेट म्हणून आहे. काही पद्धती आणि पेपर नायट्रेट-नायट्रोजन म्हणून आकडा देतात. तिथं हीच मर्यादा सुमारे १०.२ होते. मेथड्समध्ये कोणतं एकक, ते स्पष्ट लिहा. या लेखात सगळीकडे नायट्रेट म्हणून आकडे आहेत.)

आता पहिलं वाक्य, «उत्तम सरळ». माझ्या वहीतले आकडे हे असे होते. शेवटच्या रकान्यात रेसिड्युअल आहे, म्हणजे मोजलेला ॲब्सॉर्बन्स वजा रेषेनं सांगितलेला ॲब्सॉर्बन्स.

| नायट्रेट, मिग्रॅ/लि | ॲब्सॉर्बन्स | रेसिड्युअल |
|---|---|---|
| ० | ०.००३ | −०.००६ |
| ५ | ०.२८४ | −०.००१ |
| १० | ०.५६४ | +०.००३ |
| १५ | ०.८४३ | +०.००६ |
| २० | १.११९ | +०.००६ |
| २५ | १.३९१ | +०.००२ |
| ३० | १.६५५ | −०.०१० |

या आकड्यांतून रेषा येते: उतार ०.०५५२, छेद ०.००९३, R² = 0.9999. एक्सेलमध्ये आलेख पाहिला तर सगळे ठिपके रेषेवर बसलेले. पण रेसिड्युअलची चिन्हं वरून खाली वाचा. वजा, वजा, अधिक, अधिक, अधिक, अधिक, वजा. निव्वळ यादृच्छिक चूक असती तर चिन्हं कशीही उलटसुलट पडली असती. इथं ती कमानीसारखी चढली आणि उतरली. रेषा सरळ आहे, पण माझे ठिपके वाकलेले आहेत.

मग R² इतका सुंदर कसा? R² एवढंच सांगतो की ॲब्सॉर्बन्समधल्या एकूण चढउतारापैकी किती भाग रेषेनं पकडला. ॲब्सॉर्बन्स ० पासून १.६५ पर्यंत गेला आहे. एवढ्या मोठ्या चढापुढे ०.०१ चा वाक दिसणारच नाही. कक्षा जितकी रुंद, तितका R² आपोआप गोंडस. तो खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतच नाही.

वाक आला कुठून, हेही शोधता येतं. ३० मिग्रॅ/लि ला नमुन्यातून जेमतेम दोन टक्के प्रकाश पार जातो. उपकरणातून भलत्याच तरंगलांबीचा थोडा प्रकाश गळत असेल तर तोही डिटेक्टरवर पोहोचतो आणि ॲब्सॉर्बन्स खरा असावा त्यापेक्षा कमी दिसतो. मी लिटरला १० ग्रॅम सोडियम आयोडाइडचं द्रावण २२० ला लावून पाहिलं. ते द्रावण तिथं जवळपास सगळा प्रकाश अडवतं. माझा आकडा २.७ वर थांबला, म्हणजे सुमारे ०.२ टक्के प्रकाश गळत होता. दोन टक्क्यांत ०.२ मिळवलं की ॲब्सॉर्बन्स ०.०४ नं घसरतो. वरचा ठिपका तेवढाच घसरला होता.

इथं तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाकानं काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर जागेप्रमाणे बदलतं. वलगावचा नमुना मी पाचपट पातळ करून मोजला होता, म्हणजे क्युव्हेटमध्ये ८.८ च्या आसपास. तिथं वाकानं आलेली चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे त्या विहिरीपुरता मी वाचले. पण खालच्या टोकाला जा. रेषेचा छेद ०.००९३, आणि ब्लँकचा खरा ॲब्सॉर्बन्स ०.००३. या रेषेत ब्लँक टाकला तर नायट्रेट येतं वजा ०.११ मिग्रॅ/लि. वरच्या ठिपक्यांनी रेषा आपल्याकडे ओढली आणि किंमत खालच्या नमुन्यांनी मोजली.

म्हणून मेथड्समध्ये «R² इतका» लिहून थांबू नका. कक्षा लिहा, किती पातळ्या आणि प्रत्येक किती वेळा मोजली ते लिहा, आणि रेसिड्युअलमध्ये ठरावीक आकार दिसतो की नाही ते लिहा. शक्य असेल तर प्रत्येक स्टँडर्ड उलट रेषेतून काढून किती टक्के चुकतो ते द्या. वाचणाऱ्याला त्यावरून लगेच कळतं.

आता दुसरं वाक्य, आणि माझ्या मते परिच्छेदातलं सगळ्यात वाईट. «शोधमर्यादा 3.3σ/S या सूत्रानं.» S म्हणजे उतार, तो ठीक. σ कशाचा? औषधांच्या पद्धतींसाठीच्या आयसीएच क्यू२ मार्गदर्शिकेतून हे सूत्र आपल्याकडे आलं, आणि त्या मार्गदर्शिकेतच σ साठी पर्याय दिले आहेत: ब्लँकचं विचलन, रेषेच्या रेसिड्युअलचं विचलन, किंवा छेदाचं विचलन. पर्याय देणं चूक नाही. कोणता घेतला ते न लिहिणं ही चूक आहे.

माझ्या आकड्यांवर करून पाहा. दहा ब्लँक मोजले, त्यांचं विचलन ०.००११. यावरून शोधमर्यादा ०.०६६. त्याच दिवशीच्या त्याच रेषेचं रेसिड्युअल विचलन ०.००६७. यावरून शोधमर्यादा ०.४०. सूत्र तेच, उपकरण तेच, आणि उत्तरात सहापट फरक. मी कोणता घेतला? अर्थातच लहान. कारण सिनॉप्सिसमध्ये लहान शोधमर्यादा शोभून दिसते. खरं सांगते, तेव्हा याहून वेगळं कारण नव्हतं.

पण दोन्ही आकडे गोत्यात आहेत, आणि वेगवेगळ्या कारणांनी. ०.४० मधला मोठा भाग गोंगाटाचा नसून वर सांगितलेल्या वाकाचा आहे. वाकलेल्या ठिपक्यांना सरळ रेषा लावली आणि जो फरक उरला त्याला मी यादृच्छिक चूक समजले. ०.०६६ चं तर हसूच येतं. पाण्यात खरोखर ०.०६६ नायट्रेट असेल तर ॲब्सॉर्बन्स साधारण ०.००६७ येईल, आणि माझी रेषा त्याचं उत्तर देईल वजा ०.०५. म्हणजे ज्या प्रमाणाला मी «ओळखू शकते» म्हणाले, तिथं माझी पद्धत उणे नायट्रेट दाखवते. हा ताळा दोन मिनिटांचा आहे: शोधमर्यादा परत स्वतःच्याच रेषेत टाकून बघायची. तुमच्या मसुद्यावर आजच करा.

आणखी एक अडचण. ते दहा ब्लँक डिस्टिल्ड पाण्याचे होते. विहिरीचं पाणी डिस्टिल्ड नसतं. खारपाणातल्या पाण्यात क्षार भरपूर, बायकार्बोनेट भरपूर, आणि उघड्या विहिरीत पालापाचोळ्याचे सेंद्रिय पदार्थ. या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात ते कार्बोनेटचा त्रास टाळायला. सेंद्रिय पदार्थ २२० लाही प्रकाश शोषतात, २७५ लाही. नायट्रेट २७५ ला शोषत नाही. म्हणून २२० च्या आकड्यातून २७५ च्या आकड्याची दुप्पट वजा करतात, आणि ही वजाबाकी २२० च्या आकड्याच्या दहा टक्क्यांहून मोठी झाली तर त्या नमुन्याला ही पद्धत वापरत नाहीत. वजाबाकी आली की तिची चूकही आली. ती डिस्टिल्ड पाण्याच्या ब्लँकमध्ये कशी दिसणार?

मग मी दुसऱ्यांदा केलं ते असं. नायट्रेट जवळपास नसलेल्या एका बोअरचं पाणी घेतलं, त्यात ०.२ मिग्रॅ/लि नायट्रेट घातलं, आणि असे सात भाग वेगवेगळ्या दिवशी पूर्ण पद्धतीनं मोजले. विचलन आलं ०.०५ मिग्रॅ/लि. सात भागांसाठी एका बाजूचा ९९ टक्क्यांचा टी ३.१४ असतो. गुणाकार ०.१६. हा आकडा ०.०६६ इतका देखणा नाही, पण तो माझ्या पाण्याचा आहे. आणि नमुना पाचपट पातळ केला तर तीच मर्यादा ०.८ होते. पातळ केलेल्या नमुन्यापुढे ०.१६ लिहिलेलं मी छापील पेपरातही पाहिलं आहे.

तिसरं वाक्य, «सरासरी ± प्रमाण विचलन». ४४.१ ± ०.१ मधला ०.१ कुठला? एकाच पातळ केलेल्या द्रावणाची क्युव्हेट मी तीनदा लावली, त्या तीन आकड्यांचं ते विचलन. म्हणजे उपकरण पाच मिनिटांत किती हलतं एवढंच त्यात आहे. पिपेट चुकली असेल, स्टँडर्ड चुकलं असेल, पुढच्या आठवड्यात मीच वेगळं उत्तर काढणार असेन, तर यातलं काहीही तीन वेळा मोजून दिसत नाही. या ± ला मापनाची अनिश्चितता म्हणता येणार नाही, आणि वाचणारा मात्र तेच समजतो.

अनिश्चितता काढायची कशी, याची सविस्तर रीत युराकेमच्या मार्गदर्शिकेत आहे. ती लांबलचक आहे, पण काम गुंतागुंतीचं नाही. आधी मी कॅलिब्रेशन नवं केलं: ०, १, २, ५, १०, १५ या सहा पातळ्या, प्रत्येक तीनदा, ॲब्सॉर्बन्स ०.८५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. उतार ०.०५६०, छेद ०.००३५, रेसिड्युअल विचलन ०.००२०. छेद आता ब्लँकच्या आकड्याजवळ आला, हे बघा. वलगावच्या नमुन्याचा दुरुस्त ॲब्सॉर्बन्स ०.४९६. त्यातून ०.००३५ वजा करून ०.०५६० नं भागलं की ८.८, पाचनं गुणलं की ४४.०.

आता या ४४.० मध्ये चूक कुठून शिरते ते एकेक करून, टक्क्यांत. रेषेतून आकडा काढताना ०.२६. दहा मिलिची पिपेट आणि पन्नास मिलिचा फ्लास्क मिळून, त्यांवर छापलेल्या सहनमर्यादेवरून, ०.१४. (काचेवर २० अंश लिहिलंय की २७, तेही बघून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी स्टॉक आणि दुपारी डायल्यूशन केलं तर पाण्याचं प्रसरण या ०.१४ ला मागे टाकतं.) स्टॉक स्टँडर्डच्या प्रमाणपत्रावरून ०.२. इथपर्यंत सगळं चिल्लर. मग येते रिकव्हरी. विहिरीच्याच पाण्यात ठरावीक नायट्रेट घालून सहा वेळा परत मोजलं, सरासरी ९८ टक्के आणि विचलन २.४, म्हणजे सरासरीची अनिश्चितता १.०. ९८ हा १०० पासून लक्षणीय वेगळा ठरत नाही, म्हणून निकालात दुरुस्ती केली नाही, पण १.० धरली. शेवटी दिवसागणिकची तफावत. काही आठवडे तेच नियंत्रण पाणी वेगवेगळ्या दिवशी, नवीन द्रावणं करून मोजलं: २.१ टक्के.

सगळ्यांचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ: २.३५ टक्के. वर्गांमुळे होतं असं की मोठा घटक बाकीच्यांना गिळतो. कॅलिब्रेशन आणि काचेचे घटक साफ काढून टाकले तरी उत्तर २.३३ राहतं. आणि आपण मेथड्समध्ये पानभर लिहितो ते कॅलिब्रेशनबद्दलच. दिवसागणिकच्या तफावतीबद्दल माझ्या मूळ परिच्छेदात एक शब्द नव्हता.

दोननं गुणून विस्तारित अनिश्चितता सुमारे ४.७ टक्के. निकाल झाला ४४ ± २ मिग्रॅ/लि. दशांश चिन्हानंतरचा आकडा गेला, कारण तो मला माहीतच नव्हता. ४२ ते ४६. मर्यादा या पट्ट्याच्या आत आहे. चुका नेहमीच्या घंटाकृती वाटणीनं येतात असं धरलं तर खरा आकडा ४५ च्या वर असण्याची शक्यता साधारण सहात एक. ± ०.१ खरं मानलं असतं तर ही शक्यता शून्यच धरली असती.

मग पाणी मर्यादेत आहे की नाही? केवळ मापनावरून याचं उत्तर मिळत नाही, आधी नियम ठरवावा लागतो. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ प्रमाणे प्रयोगशाळा «मर्यादेत» किंवा «मर्यादेबाहेर» असा शेरा देणार असेल तर निर्णयाचा नियम आधी ठरवून नोंदवायला हवा. आपला प्रबंध म्हणजे प्रमाणित प्रयोगशाळा नव्हे, पण तक्त्यात «सुरक्षित» असा रकाना घालायचा असेल तर आपल्यालाही नियम लिहायला पाहिजे. मी लिहिला: आकडा अधिक अनिश्चितता ४५ च्या खाली असेल तरच मर्यादेत, पट्टा ४५ ला छेदत असेल तर «अनिर्णित». माझ्या तक्त्यात अशा तीन विहिरी निघाल्या. आधी तिन्हींपुढे «सुरक्षित» होतं.

काकांना मी जाऊन सांगितलं की बाळाच्या दुधाला हे पाणी वापरू नका, नळाचं वापरा. आणि उकळून वापरू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. ते म्हणाले, «मंग त्या दिवशी चालते काऊन म्हटलं?» खरं तर त्या दिवशी मी काहीच म्हटलं नव्हतं, कागद तेवढा दाखवला होता. पण त्यावर ± ०.१ मीच छापलं होतं.

नवा परिच्छेद असा आहे:

«नायट्रेट (नायट्रेट म्हणून) २२० नॅनोमीटरला मोजलं, २७५ च्या आकड्याची दुप्पट वजा केली, वजाबाकी १० टक्क्यांहून जास्त असलेले नमुने वगळले. कॅलिब्रेशन ० ते १५ मिग्रॅ/लि, सहा पातळ्या, प्रत्येक तीनदा; रेसिड्युअलमध्ये ठरावीक आकार आढळला नाही. त्याहून जास्त प्रमाणाचे नमुने पाचपट पातळ केले. शोधमर्यादा ०.२ मिग्रॅ/लि नायट्रेट घातलेल्या बोअरच्या पाण्याच्या सात भागांवरून काढली (३.१४ × विचलन): ०.१६, पातळ केलेल्या नमुन्यांसाठी ०.८. सगळ्यात खालचं स्टँडर्ड १ असल्यानं क्युव्हेटमध्ये त्याहून कमी आलेल्या नमुन्यांना आकडा दिलेला नाही. विस्तारित अनिश्चितता (k = 2) ४.७ टक्के, ४४ मिग्रॅ/लि च्या आसपास काढलेली. तिच्यात कॅलिब्रेशन, डायल्यूशन, स्टँडर्ड, रिकव्हरी आणि दिवसागणिकची तफावत धरली आहे, नमुना घेण्यातली तफावत धरलेली नाही.»

जुन्यापेक्षा दुप्पट लांब झाला. मार्गदर्शकांनी लांबीबद्दल कुरकुर केली, पण शेवटच्या पाच शब्दांवर बोट ठेवून विचारलं, «ही का नाही धरली?» कारण विहीर मी एकदाच, एप्रिलमध्ये, एकाच खोलीवरून भरून आणली होती. पहिल्या पावसानंतर शेतातला युरिया धुऊन खाली उतरतो, तेव्हा त्याच विहिरीचा आकडा किती असेल ते मला माहीत नाही, आणि ४.७ टक्क्यांना तर अजिबातच नाही. जुलैत परत जायचंय, या खेपेला तीन बाटल्या घेऊन.